३८ टक्के चार्ज, तरी फोन बंद : बर्फाळ थंडीत बॅटरी आणि स्क्रीन कशी सांभाळायची

जानेवारी लागला की लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात एक ठराविक गिऱ्हाईक येतं. चेहरा रापलेला, नाकाची साल निघालेली आणि हातात फोन. "मनालीला गेलतो. तिथं सारखा बंद पडायचा. बॅटरी बदलून टाका." मी फोन मीटरला लावतो, चार्ज करतो, अर्धा तास व्हिडिओ चालवून बघतो. दहातले सहा-सात फोन ठणठणीत असतात. बॅटरीला काही झालेलं नसतं, फक्त तिला थंडी वाजलेली असते. उरलेल्या तीन-चारांचं मात्र खरंच नुकसान झालेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा थंडीनं नाही, थंडीत आपण जे केलं त्यानं झालेलं असतं.

आपल्या कोल्हापुरात हे कळायला वावच नाही. डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलात तर बारा-तेरा अंश. पन्हाळ्यावर अजून थोडं कमी. एवढ्यानं फोनचं काही बिघडत नाही. फोन बनवणारे साधारण शून्य ते पस्तीस अंश ही वापराची मर्यादा सांगतात, आणि आपण वर्षभर तिच्या वरच्या टोकाशी झगडत असतो. खालच्या टोकाशी गाठ पडते ती हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर किंवा लडाखला गेल्यावर.

माझी स्वतःची गाठ केदारकंठाला पडली. इतक्या वर्षांचा मेकॅनिक असूनही मी तिथं गाढवासारखा फसलो, म्हणून तोच प्रसंग उलगडून सांगतो. सगळं त्यात आलं आहे.

माझा फोन का मेला

केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, उंची साधारण साडेबारा हजार फूट. सांकरी गावातून चढायला लागायचं, मध्ये तंबूत मुक्काम, आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्रीनंतर निघून सूर्योदयाला माथ्यावर. आम्ही सहा जण डिसेंबरात गेलो होतो. माझा फोन तीन वर्षांचा, माझ्या मित्राचा आठ महिन्यांचा.

शेवटच्या तळावर रात्री माझ्या फोनमध्ये ६४ टक्के चार्ज होता. मी तो सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकला आणि झोपलो. तीनला उठून बघतो तर ५२. हात न लावता बारा टक्के गेले. तरी म्हटलं, पुरेल. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवला आणि निघालो. पावणेसातच्या सुमारास माथ्यावर पोचलो, पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. फोन काढला, ३८ टक्के दिसत होते. कॅमेरा उघडून व्हिडिओचं लाल बटण दाबलं आणि स्क्रीन काळी. पुन्हा चालू केला तर बॅटरी संपल्याचं चिन्ह. मित्राच्या फोनमध्ये ४१ टक्के होते, म्हणजे जवळपास तेवढेच. तो मजेत पंधरा मिनिटं शूटिंग करत होता.

पुढं गंमत झाली. मी फोन स्वेटरच्या आत, बनियनला चिकटून ठेवला. उतरताना अर्ध्या तासानं सहज चालू केला तर सुरू झाला आणि दाखवतोय काय? ३४ टक्के. चार्ज कुठंच गेला नव्हता. आतच होता, बाहेर येत नव्हता.

कारण समजलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. लिथियम बॅटरीत दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पातळ द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे कण इकडून तिकडं जातात. गुऱ्हाळावर गरम काकवी कशी पळीवरून सरसर पडते, आणि तीच डिसेंबरात सकाळी बरणीतून काढायला गेलं की कशी ओघळतच नाही, तसंच या द्रवाचं होतं. तो घट्ट होतो. पट्ट्यांच्या तोंडाशी कणांची जी ये-जा चालते तीही मंदावते. बरणीत काकवी तेवढीच असते, पण मागाल तेव्हा मागाल तेवढी मिळत नाही.

आमच्या भाषेत याला अंतर्गत रोध वाढणं म्हणतात. चांगल्या, उबदार बॅटरीचा रोध साधारण ०.१ ओम धरा. ४० टक्क्यांच्या आसपास बॅटरी ३.७५ व्होल्टच्या जवळ असते. व्हिडिओ सुरू झाला, स्क्रीन पूर्ण उजेडावर असली, की फोन क्षणभर दीड अँपिअर ओढतो. दीड गुणिले ०.१ म्हणजे ०.१५ व्होल्टची घट. बॅटरी ३.६ वर येते, फोनला काही फरक पडत नाही. माझी बॅटरी जुनी, तिचा रोध ०.१५ धरू. शून्याच्या खाली तो तिप्पट झाला, म्हणजे ०.४५. आता घट झाली जवळपास ०.६८ व्होल्ट आणि बॅटरी आली ३.०७ वर. ३.३ च्या आसपास व्होल्टेज आलं की फोन आपण होऊन बंद पडतो, आतला डेटा बिघडू नये म्हणून. तो टक्के बघून बंद पडत नाही, व्होल्टेज बघून पडतो.

आकडे ढोबळ आहेत, फोनप्रमाणे बदलतात, पण गणित हेच. आणि यातच मित्राचं गुपितही आहे. त्याची बॅटरी नवीन होती, पण तीही माझ्यासारखी गारठली असती तर ०.३ ओमवर जाऊन ३.३ व्होल्टच्या काठावरच आली असती. त्याला वाचवलं ते नव्या बॅटरीनं कमी आणि खिशानं जास्त. त्यानं फोन आतल्या खिशात ठेवला होता.

निघण्याआधी आठवडाभर : जुन्या बॅटरीची परीक्षा

जुनी बॅटरी इथं चालते म्हणून तिथंही चालेल असं धरू नका. वर बघितलंच, जिचा रोध आधीच वाढलेला आहे ती थंडीत सगळ्यात आधी मान टाकते.

आयफोन असेल तर `Settings` मध्ये `Battery` उघडा. तिथं बॅटरी हेल्थखाली `Maximum Capacity` टक्क्यांत दिसते. ८० च्या खाली असेल तर बर्फात जाण्याआधी बॅटरी बदलून घ्या, हे माझं मत. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचं वेगळं, काहींत हा आकडा दिसतो, बऱ्याच फोनमध्ये दिसतच नाही.

आकडा दिसो न दिसो, माझी परीक्षा सगळ्या फोनला चालते. फोन ३० टक्क्यांपर्यंत उतरू द्या. मग स्क्रीनचा उजेड पूर्ण करा, फ्लॅशचा दिवा सतत चालू ठेवून सगळ्यात मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ दहा मिनिटं घ्या आणि टक्के बघत राहा. एकेक टक्का हळूहळू उतरला तर बॅटरी धड आहे. मध्येच २६ वरून एकदम १५ वर उडी मारली, किंवा फोन बंदच पडला, तर समजा की कोल्हापूरच्या उबेतही तिला ओढ सोसत नाही. ती उणे आठ अंशात तुम्हाला माथ्यावर फोटो काढू देणार नाही.

एकानं हीच परीक्षा म्हणून फोन डीप फ्रीजमध्ये ठेवला होता. असलं काही करू नका. बाहेर काढल्यावर त्याच्या आत जे पाणी धरलं त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

बॅटरी बदलणार असाल तर निदान आठ-दहा दिवस आधी बदला. पाच-सात वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊन फोनला नव्या बॅटरीचा अंदाज येऊ दे, आणि काही खोट असेल तर ती इथंच कळू दे. आदल्या रात्री आठ वाजता येऊन "उद्या निजामुद्दीनला बसायचंय, तेवढी बॅटरी टाका" म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी टाकून देतो, पण माझ्या मनाला बरं वाटत नाही.

पॉवर बँक : डब्यावर लिहिलेलं सगळं मिळत नाही

१०,००० एमएएचची पॉवर बँक आणि ५,००० चा फोन, म्हणजे दोनदा फुल चार्ज, असं सगळे धरून चालतात. तो दहा हजारांचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. केबलमधून ५ व्होल्ट बाहेर काढताना काही शक्ती उष्णतेत जाते, फोनमध्ये शिरतानाही जाते. डब्यावर बारीक अक्षरात रेटेड कॅपॅसिटी म्हणून सहा-साडेसहा हजारांच्या आसपासचा दुसरा आकडा असतो, तो खरा. घरात बसून फोन सव्वा ते दीड वेळा भरेल. आणि पॉवर बँकेतही लिथियमचेच सेल असतात, त्यामुळं तिलाही तीच थंडी वाजते. गारठलेली पॉवर बँक निम्मी भरलेली असतानाही दिवा मिणमिणवून बंद पडते.

चार-पाच दिवस वीज नसलेल्या ट्रेकला एका माणसामागं २०,००० ची एक घ्या, किंवा दहा-दहाच्या दोन. मी दोन पसंत करतो. एक फसली तर दुसरी असते, आणि दोन पातळ वस्तू अंगाजवळ ठेवणं सोपं जातं. विमानानं जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनच्या सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, त्यामुळं ती बसते. डब्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीला अडवू शकतात, म्हणून आकडा वाचता येणारीच घ्या.

हेडटॉर्चचं एक सांगून टाकतो, कारण पहाटे तीनला वाट तीच दाखवते. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर ढेपाळतात. बाजारात १.५ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात, महाग असतात, पण उणे तापमानात खूपच तग धरतात. फक्त ते एकदाच वापरायचे असतात, चार्जरला लावायचे नाहीत.

चालताना : कोणत्या खिशात आणि किती वेळ बाहेर

फोनची जागा एकच, कपड्यांच्या थरांच्या आत, छातीजवळ. थर्मल आणि फ्लीस यांच्या मधला खिसा सगळ्यात चांगला. जॅकेटचा बाहेरचा खिसा, सॅकचं झाकण, पँटचा मांडीवरचा खिसा, या तिन्ही जागा वाईट. तुमच्या फ्लीसला आतून खिसा नसेल तर निघण्याआधी शिंप्याकडून एक शिवून घ्या. राजारामपुरीत माझ्या जॅकेटला अर्ध्या तासात लावून दिला, चेनसकट.

चढताना घाम येतो आणि तो फोनला लागतो, म्हणून फोन झिप लावायच्या पातळ पिशवीत ठेवा. ही पिशवी पुढं आणखी एका कामाला येणार आहे.

हवामानाच्या ॲपमध्ये तापमान उणे नऊ आणि त्याखाली "जाणवतं उणे अठरा" असं लिहिलेलं असतं, ते बघून लोक फोनसाठी घाबरतात. तो दुसरा आकडा आपल्या कातडीसाठी आहे. कितीही वारा सुटला तरी फोन उणे नऊच्या खाली जाणार नाही. वारा एवढंच करतो की तिथपर्यंत पटकन पोचवतो. बिनवाऱ्याच्या जागी फोन हातात धरला तर दहा-पंधरा मिनिटं बऱ्यापैकी ऊब टिकते, माथ्यावरच्या वाऱ्यात पाच-सात मिनिटांत बरीचशी जाते. म्हणून फोटो काढायचे ते दोन-तीन मिनिटांत काढा आणि फोन पुन्हा आत ठेवा. एका दमात अर्धा तास बाहेर ठेवण्यापेक्षा दहा वेळा तीन-तीन मिनिटं काढलेला केव्हाही बरा.

सांकरीच्या पुढं रेंज जवळपास नसतेच, आणि रेंज शोधताना फोन पूर्ण ताकदीनं हाका मारत बसतो. म्हणून एअरप्लेन मोड लावा. जीपीएस तरीही चालतं, नकाशा आधी डाउनलोड केला असला की झालं.

दुसरी ओढ आहे ती उजेडाची. बर्फावरच्या लख्ख उन्हात ऑटो ब्राइटनेस स्क्रीनला शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो, आणि तो क्षण नेमका कॅमेरा चालू असतानाचा असतो. वरच्या गणितातला दीड अँपिअर असाच तयार होतो. ऑटो बंद करा, उजेड ६०-७० टक्क्यांवर स्वतः ठेवा, आणि बघायचं असेल तर फोनवर हाताची सावली धरा. चार्ज तीसच्या खाली गेला असेल तर फ्लॅश आणि स्लो मोशन यांच्या नादी लागू नका.

आणि तरीही बंद पडलाच तर पुनःपुन्हा बटण दाबू नका. प्रत्येक वेळी सुरू होताना फोन मोठी ओढ घेतो आणि पुन्हा बसतो. अंगाशी धरून वीस-तीस मिनिटं थांबा. सुरू झाल्यावर टक्के पूर्वीच्या जवळपास आले तर ती थंडी होती. उबेत आल्यावरही १-२ टक्केच दाखवत असेल तर चार्ज खरोखर संपला आहे.

रात्री तंबूत : चार्जिंगची वेळ चुकली की कायमचं नुकसान

मघाशी म्हटलं ना, दहातल्या तीन-चार फोनचं खरंच नुकसान झालेलं असतं. त्यांचं नुकसान होतं ते बहुतेक इथंच.

थंडीत बॅटरी वापरली तर ती कमी देते, पण उबेत आली की पूर्ववत होते. थंडीत बॅटरी चार्ज केली तर मात्र जे होतं ते परत फिरत नाही. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे कण एका पट्टीवरच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत काय होतं आठवा. आत सोडायचा वेग ठरलेला असतो, मागून लोंढा वाढत गेला की माणसं दाराबाहेरच साचतात. शून्याच्या खाली कणांचा आत शिरण्याचा वेग खूप कमी होतो, चार्जर मात्र मागून ढकलतच असतो. मग कण आत जाण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन चिकटतात. जेवढं चिकटलं त्यातलं बरंचसं कामातून गेलं, बॅटरीची क्षमता तेवढी कमी झाली. हे वाढत गेलं की धातूचे काटे तयार होतात, ते आतल्या पडद्याला भोक पाडू शकतात, आणि मग गोष्ट आगीपर्यंत जाते.

चांगले फोन स्वतःच अडवतात. बॅटरी फार थंड असेल तर चार्जिंग सुरूच करत नाहीत, किंवा चार्जिंगचं चिन्ह दाखवतात पण टक्के हलत नाहीत. लोकांना वाटतं केबल खराब आहे, चार्जर खराब आहे. तसं दिसलं तर केबल काढा आणि फोन गरम होऊ द्या. स्वस्तातल्या पॉवर बँका आणि ॲक्शन कॅमेऱ्याचे सुटे चार्जर यांच्यात ही अक्कल असेलच असं नाही, तिथं आपणच अक्कल चालवायची.

थर्मामीटर नको. फोनची मागची बाजू गालाला लावा. काच बर्फासारखी टोचली तर चार्ज करायची वेळ नाही. कोमट किंवा नुसती गार लागली तर हरकत नाही.

माझा आताचा क्रम असा असतो. संध्याकाळी तळावर पोचलो की फोन आणि पॉवर बँक दोन्ही आतल्या खिशात असतातच. जेवणाच्या तंबूत बसतो तेव्हा केबल जोडून दोन्ही जॅकेटच्या आतच ठेवतो. चहा, सूप, जेवण आणि गप्पा यांत दीड-दोन तास जातात, तेवढ्यात फोन बऱ्यापैकी भरतो. झोपताना केबल काढतो. स्लीपिंग बॅगमध्ये रात्रभर चार्जिंगला लावून ठेवणं मला पटत नाही. चार्जिंगची उष्णता बाहेर जायला तिथं वाट नसते, आणि झोपेत केबल वाकून पिनचा खिळखिळाट होतो तो वेगळाच. फोन बंद करून, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या एका लोकरी मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगच्या आत पोटाशी घेतो. पायाशी नको, तिथं सगळ्यात थंड असतं.

असं ठेवल्यावर दुसऱ्या ट्रेकला रात्री झोपताना ७१ टक्के होते, पहाटे उठल्यावर ७०.

आता उलट टोकाची चूक. मनालीत गिऱ्हाइकाच्या मुलानं फोन तंदूरच्या, म्हणजे खोलीतल्या लाकडी शेगडीच्या पत्र्यावर ठेवला होता, लवकर गरम व्हावा म्हणून. स्क्रीनच्या कडेचा गोंद सुटला. बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणंही धोक्याचं असतं. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, ज्यात लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तापते, त्या थेट फोनला लावू नका. त्या साठ अंशांपर्यंतही जाऊ शकतात. लावायचीच तर मध्ये जाड मोजा हवा. हीटर, शेगडी, गाडीचा ब्लोअर, गरम पाण्याची पिशवी यांतलं काहीच नको. अंगाची ऊब ३०-३५ अंशांची असते, बॅटरीला हवी तेवढीच.

स्क्रीनचे नखरे

स्क्रीनबद्दल दोन प्रकार वेगळे ओळखा. स्वस्त फोन, जुने फोन, बरेच कॅमेरे आणि जीपीएस यंत्रं यांत एलसीडी असतो. त्यात द्रव स्फटिक असतात, आणि विजेच्या इशाऱ्यावर ते वळले की चित्र बदलतं. थंडीत तेही घट्ट होतात. बोट सरकवलं की आधीच्या चित्राची सावली मागं रेंगाळते, अक्षरं पुसट होतात, बटण दाबल्यावर स्क्रीन अर्ध्या सेकंदानं हलते. उणे वीसच्या आसपास चित्र जवळपास गोठतं. हे बघून लोक म्हणतात डिस्प्ले गेला. गेलेला नसतो. उबेत दहा-पंधरा मिनिटांत परत नीट होतो. ओएलईडी, म्हणजे अमोलेड स्क्रीनमध्ये असले स्फटिक नसतात, तिला थंडीचा एवढा त्रास होत नाही.

खरा डिस्प्ले गेल्याची खूण वेगळी असते. उबेत तासभर ठेवूनही एकच उभी रेघ तिथंच राहिली, कडेनं काळा डाग शाईसारखा पसरत गेला, किंवा एका पट्ट्यात टच मुळीच चालेना, तर तो आतून फुटला आहे. थंडीत काच आणि तिच्या कडेचा गोंद कडक होतात, फोन गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला तरी तडकतात. हातमोज्यातून फोन निसटतो, म्हणून मनगटाला दोरी बांधा, तीस रुपयांना मिळते.

टचचं वेगळं. बोटाच्या ओलाव्यातून वीज जाणवते म्हणून टच चालतो. थंडीत बोटं कोरडी आणि गार पडली की तो अडखळतो. उलट बर्फाचे कण काचेवर वितळले की प्रत्येक थेंब फोनला बोटच वाटतो, आणि ॲप आपोआप उघडायला लागतात. आस्तिनानं पुसून मग बोट लावा. फिंगरप्रिंट तर तिथं जवळजवळ विसराच. तोंडावर बफ आणि डोळ्यांवर गॉगल असला की चेहराही ओळखत नाही. पिन पाठ असायला हवा. आमच्यातल्या एकाला स्वतःचाच पिन आठवेना, दोन वर्षांत टाकलाच नव्हता.

एक गोष्ट हमखास घाबरवते. फोन उभा धरला की दिसतो आणि आडवा धरला की काळाकुट्ट, किंवा उलट. गॉगल काढून बघा. पोलराइज्ड काचांमुळं असं होतं. फोन ठीक आहे.

खोलीत परतल्यावर : पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा

बर्फातून आलेले जे फोन मी खोलून बघतो, त्यात मला दिसतं ते पाणी. मालक शपथेवर सांगतो की फोन पाण्यात पडला नाही. सिमचा ट्रे काढून आत टॉर्चचा प्रकाश मारला की एक इवलासा चौकोनी स्टिकर दिसतो. कंपनीनं लावलेला तो स्टिकर मुळात पांढरा असतो आणि पाणी लागलं की लाल होतो. असा लालभडक झालेला स्टिकर मी मालकालाच दाखवतो. पाण्यात पडला नाही हे खरं, आणि पाणी शिरलं हेही खरं.

फ्रीजमधून थंड सोड्याची बाटली काढल्यावर तिला बाहेरून घाम सुटतो, तसंच हे. फोन उणे आठला थंडगार झालेला. होमस्टेच्या स्वयंपाकघरात आलात, तिथं चुलीवर मॅगी उकळतेय, कपडे वाळत घातलेत, सहा माणसांचा श्वास. ती सगळी वाफ थंड वस्तूवर बसते. काचेवर बसते ती पुसता येते, पण स्पीकरच्या जाळीतून, चार्जिंग पिनमधून हवा आत जाते आणि तिच्यातलं पाणी मदरबोर्डवरही बसतं. कॅमेऱ्याच्या काचेला आतून धुकं धरलेलं दिसलं तर तेच झालंय असं समजा.

यावर उपाय बाहेरच करायचा असतो. दाराच्या बाहेर, थंडीतच, फोन झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढून टाका, झिप लावा आणि मग आत जा. आता घाम सुटतो तो पिशवीला, फोनला नाही. फोन खोलीच्या तापमानाला यायला पाऊण तास ते एक तास लागतो. तोवर पिशवी उघडू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. थंडीत कायम आतल्या खिशातच असलेल्या फोनला हे सगळं लागत नाही, तो गारठलेलाच नसतो. कॅमेरा गळ्यात असतो, त्याला मात्र हे हवंच.

चुकून तसाच आत नेलात आणि पिनमध्ये ओल दिसली, तर बंद करा, सिमचा ट्रे काढून ठेवा, कापडानं पुसा आणि मोकळ्या कोरड्या जागी पाच-सहा तास ठेवा. तांदळात घालू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाहीत, पिठूळ मात्र पिनमध्ये बसतं, आणि मग मी ते सुईनं कोरत बसतो.

कोल्हापुरात आल्यावर

दोन दिवस नेहमीसारखा वापरा, आणि मग ३० टक्क्यांवरची दहा मिनिटांची व्हिडिओची परीक्षा पुन्हा घ्या. जाण्याआधी घेतली असेल तर दोन्ही वेळी किती टक्के उतरले ते ताडून बघा. थोडाफार फरक चालतो. आधी दहा मिनिटांत चार टक्के जात होते आणि आता नऊ जातात, तर कुठंतरी थंडीत चार्जिंग झालं आहे.

नंतर फोन पालथा, म्हणजे स्क्रीन खाली करून, काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर हलकं बोट टेकवा. भोवऱ्यासारखा डुलला, किंवा स्क्रीन आणि फ्रेम यांच्या मधून नखाएवढी फट दिसली, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावू नका, फट दाबून बसवायला जाऊ नका. बंद करा आणि त्याच दिवशी दुकानात आणा, खिशात नको, हातात धरून.